तीन-चार वर्षे की तीन-चारशे? : फोटोतल्या उताऱ्याची उत्तरे लिहिताना

‘माझा मुलगा आठवीत आहे. आजारपणामुळे त्याची शाळा बुडाली, म्हणून मित्राने मराठीच्या पुस्तकातल्या अपठित उताऱ्याच्या पानाचा फोटो पाठवला. त्यावरून त्याने उत्तरे लिहिली, पण बाईंनी जवळजवळ प्रत्येक उत्तराखाली “पूर्ण वाक्य? आधार?” असे लिहून निम्मे गुण कापले. तो म्हणतो, उत्तर बरोबर असेल तर वाक्य कशाला हवे? आणि आधार म्हणजे उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे उतरवायचे का? फोटो आणि वहीचे पान सोबत पाठवते आहे.’
— एक आई, नाशिक

ताई, सप्रेम नमस्कार.

वही उघडण्याआधी मी फोटो पाहिला आणि माझ्या लक्षात आले की, मुलाची पहिली चूक उत्तर लिहिताना झालेली नसून पान वाचतानाच झालेली आहे. पुस्तक सपाट न ठेवता फोटो घेतल्यामुळे शिवणीच्या बाजूला सावली पडली आहे, ओळींच्या आरंभीची एक-दोन अक्षरे तिच्यात बुडाली आहेत आणि बारीक अनुस्वार तर अनेक ठिकाणी दिसेनासे झाले आहेत. उताऱ्यातून आधार द्यायचा, तर आधी उतारा नक्की काय म्हणतो हे ठरवावे लागते. म्हणून पान उजळ आणि मोठे करून जसे वाचता आले, तसा तो उतारा प्रथम येथे देतो.

‘पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत शेतकऱ्यांनी पाणी वाटून घेण्याची एक जुनी रीत तीन-चारशे वर्षांपासून जपली आहे. तिला फड पद्धत म्हणतात. नदीवर दगडी बंधारा घातला जातो आणि त्याच्या एका टोकापासून पाट काढला जातो. या पाटाखाली भिजणाऱ्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग केलेले असतात; अशा प्रत्येक भागाला फड म्हणतात. एका फडात अनेकांची शेते असली, तरी त्या हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असते. त्यामुळे सगळ्या फडाला एकाच वेळी सारखे पाणी लागते आणि ते देणे सोपे जाते. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असते. ज्या वर्षी नदीला पाणी कमी असते, त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवतात. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, हे गावकरी एकत्र बसून ठरवतात. पाणी सोडण्याचे काम पाटकरी पाहतो. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने पाट फोडायचा नाही, असा दंडक असतो. पाटकऱ्याला त्याच्या कामाचा मोबदला धान्याच्या रूपात मिळे. पाणी थोडे असले, तरी भांडण होऊ नये, अशी ही घडी बसवलेली होती.’

या उताऱ्यात फोटोने मुलाला तीन ठिकाणी फसवले आहे. पहिले ठिकाण सर्वांत महागात पडले. ‘तीन-चार’ हे शब्द एका ओळीच्या शेवटी आले आहेत आणि ‘शे’ हे अक्षर पुढच्या ओळीच्या आरंभी सावलीत गेले आहे. त्यामुळे त्याने ही पद्धत ‘तीन-चार वर्षांपासून’ असल्याचे लिहिले. मला ते ‘शे’ दिसले, परंतु ते दिसले नसते तरी त्याच वाक्यातल्या ‘जुनी रीत’ या शब्दांवरून येथे काहीतरी सुटले आहे, अशी शंका यायला हवी होती. कारण तीन-चार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या गोष्टीला कोणी जुनी रीत म्हणत नाही आणि ती ‘जपली’ असेही म्हणत नाही. अक्षर दिसत नसेल, तर त्याचे शेजारी काय सांगतात ते पाहावे, हा फोटोतले पान वाचण्याचा पहिला नियम मानावा.

दुसरे ठिकाण अनुस्वाराचे आहे. फोटोत ‘खोऱ्यात’ असे दिसते, ‘खोऱ्यांत’ असे दिसत नाही. अनेकवचनातला हा अनुस्वार डोक्यावरचा एक ठिपका असला, तरी एक खोरे आहे की अनेक खोरी आहेत, हे त्याच्यावरच ठरते. येथे आधीच्या ‘नद्यांच्या’ या शब्दावरचा ठिपका स्पष्ट दिसतो आणि तीन नद्यांची नावेही दिलेली आहेत. त्यामुळे ‘खोऱ्यांत’ हेच वाचन सयुक्तिक ठरते. याच्या उलट, ‘शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने पाट फोडायचा नाही’ या वाक्यात शेवटचे ‘ने’ सावलीत अर्धवट दिसते आणि मुलाने ते ‘शेतकऱ्यांनी’ असे उतरवले आहे. अर्थात मोठा फरक पडत नाही, पण अवतरणचिन्हांत लिहिताना मूळ शब्दच लिहावा लागतो. नीट पाहिले तर तेथे एकच मात्रा दिसते आणि वेलांटी दिसत नाही.

तिसरे ठिकाण ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांचे. त्याने ‘पाठ फोडायचा नाही’ असे लिहिले आहे, आणि बाईंनी त्याभोवती लाल गोल केला आहे, तो मला अगदी रास्त वाटतो. धूसर छपाईत ट आणि ठ सारखे दिसू शकतात. पण पाठ हा शब्द शरीराच्या अर्थाने स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘पाठ फोडायची’ असे व्हायला हवे होते, आणि धड्याच्या अर्थाने पुल्लिंगी असला, तरी धडा कोणी फोडत नाही. क्रियापदाचे लिंग आणि वाक्याचा अर्थ यांपैकी एकानेही त्याला सावध करायला हवे होते.

एवढे झाल्यावर त्याला संपूर्ण उतारा एकदा हाताने वहीत उतरवू द्या आणि प्रत्येक वाक्याला समासात क्रमांक घालू द्या. ओळींना क्रमांक देऊ नका. फोटोतल्या आणि वहीतल्या ओळी जुळत नाहीत. उतारा तेरा वाक्यांचा आहे, त्यामुळे या कामाला फार वेळ लागणार नाही आणि पुढे आधार शोधताना बोट ठेवायला जागा मिळेल.

आता उत्तरांकडे वळू. पूर्ण वाक्य कशाला, हा त्याचा प्रश्न उर्मट नाही. बाई वहीत उत्तर वाचतात, तेव्हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. परंतु उत्तराने प्रश्नाच्या आधाराशिवाय उभे राहायचे असते, अशी या प्रकारच्या लेखनातली अपेक्षा आहे. ‘मोठा भाग’ हे त्याचे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकटे वाचले, तर ते भाकरीच्या मोठ्या भागाबद्दलही असू शकते. प्रश्नातला कर्ता उत्तराच्या आरंभी आणला की हा दोष बहुतांशी आपोआप जातो.

पहिला प्रश्न होता, ‘फड पद्धत कोठे आणि किती काळापासून चालत आली आहे?’ येथे दोन गोष्टी विचारल्या आहेत आणि दोन्हींची उत्तरे पहिल्याच वाक्यात आहेत. उत्तर असे लिहिता येईल : ‘फड पद्धत पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत तीन-चारशे वर्षांपासून चालत आली आहे, उताऱ्याच्या पहिल्याच वाक्यात या काळाचा उल्लेख असून तिला “जुनी रीत” म्हटले आहे.’ अशा साध्या माहितीच्या प्रश्नाला याहून अधिक आधाराची गरज नसते. मुलाने येथे धुळे आणि नाशिक जिल्ह्यांची नावेही लिहिली आहेत. ती माहिती खरी आहे, आणि बागलाणात कोणी नातेवाईक असतील तर त्याला ती घरातूनच कळली असेल. परंतु उताऱ्यात जिल्ह्यांची नावे नाहीत, त्यामुळे ती उत्तरात येऊ नयेत. स्वतःला ठाऊक असलेली खरी गोष्ट लिहूनही गुण जातात, याचे मुलांना नवल वाटते, पण येथे वाचनाची परीक्षा आहे.

‘फड म्हणजे काय?’ या दुसऱ्या प्रश्नात हीच अडचण अधिक गमतीदार रूपात येते. फड हा शब्द मराठीत तमाशालाही आहे, कुस्त्यांनाही आहे आणि उभ्या उसालाही आहे. मुलाने आधी ‘उसाचे शेत’ असे लिहून नंतर खोडले आहे. ते खोडले, हे योग्यच झाले. व्याख्या विचारली असता उताऱ्यात ‘म्हणतात’ हा शब्द कोठे आला आहे ते शोधावे, कारण बहुतेक वेळा व्याख्या तेथेच असते. येथे तो दोनदा आला आहे : दुसऱ्या वाक्यात पद्धतीसाठी आणि चौथ्या वाक्यात जमिनीच्या भागासाठी. प्रश्न ‘फड’ या शब्दाचा असल्यामुळे चौथे वाक्य घ्यायचे. पण ते जसेच्या तसे उतरवले, तर ‘या पाटाखाली’ मधला ‘या’ लोंबकळत राहतो, कारण तो तिसऱ्या वाक्यातल्या पाटाकडे बोट दाखवतो आहे. म्हणून उत्तर असे हवे : ‘नदीवरील बंधाऱ्यापासून काढलेल्या पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचे जे तीन किंवा चार मोठे भाग केलेले असतात, त्यांपैकी प्रत्येक भागाला फड म्हणतात.’ सर्वनामाच्या जागी नाम घालणे, एवढेच येथे केले आहे. आणि ‘जसेच्या तसे उतरवायचे का’ या प्रश्नाचे अर्धे उत्तरही यातच आहे. तुमच्या मुलाच्या वहीत ‘ते देणे सोपे जाते’, ‘त्याच्या एका टोकापासून’ अशी वाक्ये मोकाट फिरताना दिसतात. ‘ते’ म्हणजे काय आणि ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या, हे त्याला प्रत्येक वेळी विचारा.

तिसरा प्रश्न ‘एका फडात एकच पीक का घेतले जाते?’ हा आहे आणि येथे त्याने ‘जास्त पैसे मिळतात म्हणून’ असे लिहिले आहे. उताऱ्यात पैशाचा शब्दही नाही. ‘का’ असे विचारले की मुले स्वतःच्या डोक्यातून कारण काढतात, कारण उताऱ्यात ‘कारण’ हा शब्द त्यांना सापडत नाही. तो येथे खरोखरच नाही. त्याऐवजी ‘त्यामुळे’ आहे. उतारा आधी एकच पीक घेण्याचा नियम सांगतो आणि मग ‘त्यामुळे’ म्हणून त्याचा परिणाम सांगतो. प्रश्न मात्र उलट्या दिशेने येतो : नियम कशासाठी? तेव्हा त्या परिणामाला हेतूचे रूप द्यावे लागते आणि वाक्य फिरवावे लागते. ‘सगळ्या फडाला एकाच वेळी सारखे पाणी लागावे आणि ते पाणी देणे सोपे जावे, म्हणून एका फडात एका हंगामात सर्वजण एकच पीक घेतात. उताऱ्यात हा नियम सांगून लगेच पुढे “त्यामुळे सगळ्या फडाला एकाच वेळी सारखे पाणी लागते” असे म्हटले आहे.’ या उत्तरातले पहिले वाक्य त्याचे स्वतःचे आहे आणि दुसऱ्यात उताऱ्यातले नेमके शब्द अवतरणचिन्हांत आहेत. ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘तेव्हा’ हे शब्द उताऱ्यात पेन्सिलीने अधोरेखित करण्याची सवय लावली, तर ‘का’च्या प्रश्नांचा आधार बहुधा त्यांच्या आसपासच सापडतो.

चौथ्या प्रश्नावर मात्र थोडे थांबायला हवे, कारण वहीतले सर्वांत लांब आणि सर्वांत कमी गुणांचे उत्तर हेच आहे. प्रश्न असा : ‘कमी पाण्याच्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला, तरी त्याचा तोटा एकट्या शेतकऱ्याला का होत नाही?’ मुलाने उताऱ्याची सलग पाच वाक्ये उतरवली आहेत, या आशेने की उत्तर त्यांत कोठेतरी असेल. ते त्यांत आहे खरे, पण बाईंनी ते हुडकायचे, अशी ती मांडणी झाली. उत्तर कोणत्याही एका वाक्यात नाही, ही या प्रश्नाची खुबी आहे. सातवे वाक्य म्हणते की, बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असते. आठवे म्हणते की, पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवतात. ‘तोटा’ हा शब्द उताऱ्यात कोठेही नाही. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून जो निष्कर्ष निघतो, तो मुलाने स्वतः काढायचा आहे.

त्याला समजावण्यासाठी कागदावर चार चौकोन काढा आणि त्यांना चार फड म्हणा. प्रत्येक चौकोनात तुमच्या घरातल्या तिघांची एकेक पट्टी आखा, म्हणजे आईची, बाबांची आणि त्याची. आता एका चौकोनावर काट मारा. तिघांचीही प्रत्येकी एक पट्टी गेली आणि तिघांच्याही तीन-तीन पट्ट्या उरल्या. मग दुसऱ्या कागदावर एक चौकोन आईचा, एक बाबांचा, एक त्याचा आणि एक आजीचा, अशी वाटणी करा आणि आजीचा चौकोन काटा. आजीचे सगळेच गेले. पहिले चित्र उताऱ्यातले आहे. ते एकदा समजले की वाक्य जमते : ‘बहुतेक शेतकऱ्यांची जमीन “प्रत्येक फडात थोडीथोडी” असल्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला, तरी प्रत्येकाच्या जमिनीचा थोडाच भाग कोरडा राहतो आणि बाकीच्या फडांतील जमीन भिजते, यावरून तोटा सर्वांत वाटला जातो आणि एकट्या शेतकऱ्यावर पडत नाही, असे दिसते.’ यातला ‘यावरून… असे दिसते’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. उताऱ्यात थेट लिहिलेल्या गोष्टीला ‘उताऱ्यात म्हटले आहे’ असे लिहावे आणि आपण काढलेल्या निष्कर्षाला ‘यावरून दिसते’ असे लिहावे. तोटा वाटला जातो असे ‘उताऱ्यात म्हटले आहे’ असे लिहिले, तर ते खोटे ठरेल.

उताऱ्यात ‘बहुतेक’ आहे, ‘सर्व’ नाही, हेही त्याच्या नजरेस आणून द्या. वहीत त्याने ‘सर्व शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात असते’ असे केले आहे. ‘बहुतेक’, ‘एखादा’, ‘किंवा’ असे छोटे शब्द उतरवताना गळून पडतात आणि त्यांच्याबरोबर आधाराचा नेमकेपणाही जातो.

पाचवा प्रश्न पाटकऱ्याचे काम आणि मोबदला यांबद्दल आहे. त्याचे उत्तर ‘पाणी सोडणे, धान्य’ असे तीन शब्दांत संपले आहे. माहिती बरोबर आहे. फक्त काळ पाहा. ‘पाटकरी पाहतो’ हे वर्तमानकाळात आहे, तर ‘मोबदला धान्याच्या रूपात मिळे’ हा रीतिभूतकाळ आहे, म्हणजे पूर्वी नेहमी घडत असलेल्या गोष्टीचा काळ. आजही धान्यच मिळते, असा दावा उतारा करत नाही. म्हणून ‘पाटकरी पाणी सोडण्याचे काम पाहतो आणि त्याला या कामाचा मोबदला धान्याच्या रूपात मिळत असे’ असे लिहावे. येथे ‘मिळतो’ असे लिहिले, तर कडक परीक्षक अर्धा गुण कापेल आणि मी त्याला दोष देणार नाही.

सहाव्या प्रश्नात ‘घडी बसवणे’ याचा उताऱ्यातील अर्थ विचारला आहे. मुलाने ‘कपड्यांची घडी करणे’ असे लिहिले, त्यावर तुम्ही बहुधा हसला असाल. प्रश्नात ‘उताऱ्यातील’ असा शब्द असेल, तर शब्दकोशातला अर्थ पुरत नाही आणि त्या वाक्याच्या मागेपुढे अर्थाला दुजोरा देणारे काय आहे ते दाखवावे लागते. ‘घडी बसवणे म्हणजे नीट चालेल अशी व्यवस्था लावणे. पाणी थोडे असले तरी भांडण होऊ नये, यासाठी पीक एकत्र बसून ठरवणे, पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे देणे आणि शेतकऱ्याने स्वतः पाट फोडू नये, असे नियम उताऱ्यात सांगितले आहेत. त्या सर्व व्यवस्थेला येथे घडी म्हटले आहे.’ शेवटच्या वाक्यातल्या एका शब्दाचा आधार मागच्या चार वाक्यांत विखुरलेला असू शकतो, हे त्याला यातून कळेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर आता सोपे आहे. आधार म्हणून उताऱ्यातले पूर्ण वाक्य क्वचितच लागते. ज्या चार-सहा शब्दांवर उत्तर उभे आहे, तेवढेच अवतरणचिन्हांत घ्यावेत आणि बाकीचे स्वतःच्या वाक्यात सांगावे. अवतरणचिन्हांतले शब्द मात्र ऱ्हस्वदीर्घासह मूळ पानाप्रमाणे असावेत. फोटोत जो शब्द खात्रीने वाचता येत नाही, तो अवतरणचिन्हांत घालू नये. त्याऐवजी त्याच मुद्द्याचे स्पष्ट दिसणारे शब्द निवडावेत. प्रत्येक उत्तरात ‘उताऱ्यात म्हटले आहे’ हे पालुपद लावण्याचीही गरज नाही. दुसऱ्या आणि पाचव्या उत्तरात मी ते लावलेले नाही, कारण तेथे उत्तरच उताऱ्याच्या शब्दांनी बांधलेले आहे.

राहिला सातवा प्रश्न. त्याची वरची ओळ फोटोच्या कडेला कापली गेली आहे आणि ‘…योग्य वाटते का? तुमचे मत लिहा’ एवढेच शब्द उरले आहेत. मुलाने ‘हो, मला योग्य वाटते’ असे लिहिले आहे. काय योग्य वाटते, हे त्यालाही माहीत नसावे. स्वमताच्या प्रश्नात उताऱ्याबाहेरचे विचार चालतात, पण मत कशाविषयी मागितले आहे, हे कळल्याशिवाय ते लिहिता येत नाही. पाट फोडू नये हा दंडक योग्य वाटतो का, असे विचारले असेल, तर उत्तर एक होईल. धान्याच्या रूपातला मोबदला योग्य वाटतो का, असे असेल, तर ते पूर्ण वेगळे होईल. त्या मित्राला पानाचा खालचा भाग पुन्हा पाठवायला सांगा. पुस्तक टेबलावर सपाट ठेवून, दिवसा खिडकीजवळ, मोबाइल पानाच्या बरोबर वर धरून आणि चारही कडा चौकटीत घेऊन फोटो काढायला सांगा. शिवणीजवळ पान वर उचलले जात असेल, तर कडेला बोटाने हलकेच दाबून धरावे. पूर्ण प्रश्न हाती आला की त्याचे सातवे उत्तर मला पाठवा.